चिनी नोटिशीतले रुंद आणि अरुंद स्वल्पविराम

*चाकणला एका कारखान्यात आहे, मूळ कंपनी चिनी. तिथून येणाऱ्या नोटिसा थोड्याफार वाचता येतात. एकाच नोटिशीत एका स्वल्पविरामानंतर ऐसपैस जागा दिसते, दुसरा स्वल्पविराम अक्षराला चिकटलेला असतो. `ERP`, `IT` असे शब्द आले की एका बाजूला जागा, दुसऱ्या बाजूला नाही. चिनी लिखाणात हे असंच चालतं की टाइप करणाऱ्याची चूक आहे? मजकूर खाली देतोय.*

```
关于ERP系统升级的通知
各部门：
　　IT部定于7月12日18:00升级 ERP系统，届时OA,邮箱 、打卡等功能暂停，预计恢复时间为20:00.请提前保存数据， 如有疑问请联系IT部（Helpdesk)。
```

विरामचिन्हांची सरमिसळ ही चूकच आहे. इंग्रजी अक्षरांभोवती जागा सोडायची की नाही, यावर मात्र चिनी लोकांमध्येच दोन पक्ष आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत. तुमच्या नोटिशीत दोन्ही पक्षांचं थोडं थोडं आलंय, म्हणून ती खटकते.

मराठीत आपण स्वल्पविराम इंग्रजीतलाच वापरतो, त्यामुळे त्याच्या रुंदीचा प्रश्न आपल्याला कधी पडत नाही. चिनीत प्रत्येक अक्षर एका चौकोनात बसतं आणि विरामचिन्हालाही तसाच पूर्ण चौकोन मिळतो. चीनचं विरामचिन्हांचं राष्ट्रीय मानक, जीबी/टी १५८३४, सध्या २०११ च्या आवृत्तीत आहे. ते सांगतं की आडव्या मजकुरात पूर्णविराम, स्वल्पविराम, अर्धविराम, अपूर्णविराम ही चिन्हं एका अक्षराची जागा घेतात, त्या जागेत खाली डावीकडे बसतात आणि ओळीच्या सुरुवातीला कधी येत नाहीत. म्हणजे `，` या चिन्हाचा ठिपका डाव्या कोपऱ्यात असतो आणि उजवीकडचा अर्धा चौकोन रिकामा राहतो. तुम्हाला दिसलेली ऐसपैस जागा ती हीच. तिथे कुणी स्पेसबार दाबलेला नाही, ती पोकळी चिन्हाचाच भाग आहे. तैवान आणि हाँगकाँगच्या फॉन्टमध्ये हाच स्वल्पविराम चौकोनाच्या मधोमध असतो, तेव्हा तिथली नोटीस आली तर पोकळी दोन्ही बाजूंना दिसेल.

पूर्ण चौकोनाच्या चिन्हाला चिनीत छ्वेनच्याओ म्हणतात आणि आपल्या ओळखीच्या अरुंद चिन्हाला पानच्याओ. संगणकासाठी ही दोन वेगळी अक्षरं आहेत. अरुंद स्वल्पविराम `U+002C`, रुंद स्वल्पविराम `U+FF0C`. चिनी वाक्यात रुंद चिन्ह लागतं. वाक्यात मधेच एखादा इंग्रजी शब्द आला म्हणून चिन्ह बदलत नाही. अख्खं वाक्य इंग्रजी असेल तरच इंग्रजी चिन्हं. `18:00` मधला अपूर्णविराम मात्र अरुंदच बरोबर, कारण तो वेळेच्या आकड्याचा भाग आहे.

आता तुमची नोटीस ओळीने घेऊ. टाइप करणाऱ्याची बोटं कुठे होती ते या चुकांवरून जवळजवळ पूर्ण कळतं, आणि मला या प्रश्नातला तोच भाग सगळ्यात आवडतो.

`各部门：` ठीक आहे. पहिली गडबड `OA,` इथे. चीनमध्ये विंडोजवर बहुतेक जण पिनयिन पद्धतीने टाइप करतात. शिफ्टची कळ एकदा दाबली की इंग्रजी, पुन्हा दाबली की चिनी. `OA` लिहायला इंग्रजीत गेले, तिथेच स्वल्पविराम दिला आणि मग पुढच्या शब्दासाठी चिनीत परतले. म्हणून तो स्वल्पविराम अरुंद पडला. शिवाय इथे स्वल्पविराम नकोच होता. चिनीत यादीतल्या वस्तूंमध्ये `、` हे वेगळं चिन्ह येतं, त्याला तुन्हाओ म्हणतात. लगेच पुढे तेच चिन्ह बरोबर वापरलंय, म्हणजे लिहिणाऱ्याला नियम माहीत आहे. चिनी मोडमध्ये तुन्हाओ `\` या कळीवर असतो, इंग्रजी मोडमध्ये तीच कळ नुसती तिरकी रेघ देते. परत जाऊन शिफ्ट दाबण्याऐवजी हाताशी होता तो स्वल्पविराम टेकवला, असा माझा अंदाज आहे.

`20:00.` मधला पूर्णविराम दुसऱ्या कारणाने बिघडला असणार. चिनी पूर्णविराम हा `。` असा छोटा गोल असतो. पण काही टंकन-प्रणालींमध्ये अशी सोय असते की आकड्यानंतर पूर्णविरामाची कळ दाबली तर चिनी मोडमध्येही साधा ठिपका उमटतो, कारण बहुधा माणसाला `3.5` असं काही लिहायचं असतं. वाक्य आकड्यावर संपलं की ही सोय अंगाशी येते. म्हणून नोटीस तपासताना आकड्यावर संपणारी वाक्यं आधी बघावीत.

`（Helpdesk)` मध्ये उघडणारा कंस रुंद आणि मिटणारा अरुंद आहे. गोष्ट तीच. कंस चिनीत उघडला, शिफ्ट दाबून इंग्रजी शब्द लिहिला आणि तिथेच कंस मिटवला. असे विजोड कंस चिनी कार्यालयीन मजकुरात इतक्या वेळा दिसतात की मी नोटीस हातात आल्यावर पहिल्यांदा कंसच बघतो.

उरल्या रिकाम्या जागा. `邮箱 、` मध्ये चिन्हाच्या आधी आणि `数据， ` मध्ये चिन्हानंतर स्पेस आहे. या दोन्ही निखालस चुका. रुंद चिन्हाला स्वतःची पोकळी असताना शेजारी आणखी स्पेस दिली की ओळीला भोक पडल्यासारखं दिसतं. दुसरी चूक बहुधा अर्धवट दुरुस्तीतून आली असावी. आधी इंग्रजी वळणाने अरुंद स्वल्पविराम आणि स्पेस असेल, मग कुणीतरी शोधा-बदला वापरून स्वल्पविराम तेवढा बदलला आणि स्पेस मागे राहिली.

`升级 ERP系统` ची बाब वेगळी. इथे मतभेद खरे आहेत. चिनी अक्षर आणि इंग्रजी अक्षर अगदी चिकटून आली तर डोळ्याला टोचतात, म्हणून छपाईत त्यांच्यामध्ये साधारण पाव चौकोनाएवढी फट ठेवतात. वर्डमध्ये ही फट आपोआप पडते, त्यासाठी परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये पर्याय असतो आणि तो मुळात चालूच असतो. पण ही फट म्हणजे अक्षर नव्हे, ती फक्त मांडणी आहे. तोच मजकूर कॉपी करून चॅटच्या खिडकीत टाकला की ती नाहीशी होऊ शकते आणि `ERP` दोन्हीकडून चिकटतो. मग पाठवणारा घाईने जिथे नजर जाईल तिथे हाताने स्पेस घालतो. एका बाजूची स्पेस बऱ्याचदा अशीच येते.

संगणकक्षेत्रातले बरेच चिनी लेखक मात्र ठरवून दोन्ही बाजूंना स्पेस टाइप करतात. स्वर्ग आणि पृथ्वी वेगळे करणाऱ्या पान्गू या पुराणपुरुषावरून त्या रिकाम्या जागेला पान्गूची पोकळी असं नावही पडलंय. चीनच्या प्रकाशन उद्योगाचं २०१७ चं मानक, सीवाय/टी १५४, चिनी पुस्तकांतल्या इंग्रजी मजकुराबद्दल आहे. तेही सक्ती करत नाही. फॉन्ट आणि डोळ्याला काय बरं दिसतं ते पाहून ठरवा, पण जागा सोडणार असाल तर सगळीकडे एकसारखी सोडा, एवढंच ते म्हणतं. माझं मत असं की कार्यालयाच्या नोटिशीत इंग्रजी म्हणजे दोन-चार आद्याक्षरं असतात, तिथे स्पेस टाइप करू नये आणि फट सॉफ्टवेअरवर सोपवावी. तांत्रिक पुस्तिकेत ओळीओळीला आज्ञा आणि फाइलींची नावं येतात, तिथे हाताने दिलेली स्पेस वाचायला खरंच मदत करते. मात्र स्पेस देणाऱ्या पक्षातही रुंद चिन्हाला लागून कुणी स्पेस देत नाही.

तुमची नोटीस मी अशी लिहिली असती:

```
关于ERP系统升级的通知
各部门：
　　IT部定于7月12日18:00升级ERP系统，届时OA、邮箱、打卡等功能暂停，预计恢复时间为20:00。请提前保存数据，如有疑问请联系IT部（Helpdesk）。
```

आणखी एक प्रकार तुमच्याकडे कधी ना कधी येईल, कारण तो माणसाच्या हातून घडत नाही. कधी अख्ख्या नोटिशीत स्वल्पविराम, अपूर्णविराम आणि कंस सगळे अरुंद असतात, पण `。` आणि `、` मात्र जागच्या जागी आणि निर्दोष. शिफ्ट विसरणाऱ्या माणसाच्या चुका इतक्या शिस्तीत पडत नाहीत. हा मजकूर एखाद्या प्रणालीतून जाताना युनिकोडच्या `NFKC` या प्रमाणीकरणातून गेलेला असतो. शोध सोपा व्हावा म्हणून ते रुंद अक्षरांची साधी अक्षरं करतं. रुंद स्वल्पविरामाला अरुंद जोडीदार आहे म्हणून तो बदलतो, गोल पूर्णविराम आणि तुन्हाओ यांना साधा जोडीदार नाही म्हणून ते वाचतात. पायथनमध्ये करून बघता येतं:

```
import unicodedata
unicodedata.normalize("NFKC", "请注意，谢谢。")
# '请注意,谢谢。'
```

अशा मजकुरात परिच्छेदाच्या सुरुवातीची दोन रुंद स्पेसही साध्या होतात आणि पहिल्या ओळीचं अंतर निम्म्यावर येतं. ही दुसरी खूण. असं दिसलं तर टाइप करणाऱ्याला बोल लावू नका, मूळ फाइल मागवा.

उलटंही होतं. शिफ्ट आणि स्पेसबार चुकून एकत्र दाबले गेले की इंग्रजी अक्षरंच रुंद होतात आणि `ＥＲＰ` असं फाकलेलं दिसतं. ते नुसतं कुरूप नाही. असं लिहिलेलं नाव काही ठिकाणी `ERP` शोधून सापडत नाही, आणि लॉगिनच्या नावात किंवा पासवर्डमध्ये ते कॉपी झालं तर प्रवेश नाकारला जाऊ शकतो.

तुम्हाला अशा नोटिसा तपासून पुढे पाठवायच्या असतील तर रेगेक्स शोध चालणाऱ्या एडिटरमध्ये हे दोन नमुने टाका. पहिला चिनी अक्षराला चिकटलेली अरुंद चिन्हं दाखवतो, दुसरा रुंद चिन्हाशेजारच्या फालतू स्पेस.

```
[\u4e00-\u9fff][,.:;!?()]|[,.:;!?()][\u4e00-\u9fff]
[，。、：；！？（）] | [，。、：；！？（）]
```

पहिल्या नमुन्यात `18:00` सापडत नाही, कारण त्या अपूर्णविरामाच्या दोन्ही बाजूंना आकडे आहेत, आणि तेच हवंय. पण `Helpdesk)` नंतर लगेच `。` असल्यामुळे तो चुकीचा कंसही निसटतो. कंसांच्या जोड्या डोळ्यांनीच बघाव्या लागतील.

अवतरणचिन्हांवरून मात्र कुणाला दोष देऊ नका. `“` आणि `”` यांची रुंद आणि अरुंद अशी वेगळी अक्षरं सहसा नसतातच, चिनी आणि इंग्रजी दोन्हींसाठी तीच `U+201C` आणि `U+201D` वापरतात आणि रुंदी फॉन्ट ठरवतो. चीनमधल्या संगणकावर चिनी फॉन्टमध्ये नीट चौकोनभर दिसणारी अवतरणं तुमच्या चाकणच्या संगणकावर इंग्रजी फॉन्टमध्ये अरुंद दिसतील. ती तशी दिसली तर आधी फॉन्ट बदलून पाहा.