थायरॉइडची गोळी जास्त होत असेल तर हाडं आणि हृदयाचं काय होतं?

प्रश्न: आईचं वय ६८. हायपोथायरॉइडसाठी नऊ वर्षं रोज १०० मायक्रोग्रॅमची गोळी चालू आहे. परवा टीएसएच ०.०६ आलं, एफटी-४ १.६ म्हणजे नॉर्मलमध्ये. डॉक्टर म्हणतात गोळी कमी करू, नाहीतर हाडं आणि हृदयाला त्रास होईल. आई म्हणते, मला बरं वाटतंय, कशाला हात लावता? वजन ६१ वरून ५२ किलोवर आलंय. कॅल्शियमची गोळी आधी थायरॉइडच्या गोळीबरोबरच घ्यायची, आता वर्षभर रात्री घेते. खरंच कमी करायला हवी का?

उत्तर:

हवी, आणि गोळी जास्त का होऊ लागली याचं उत्तर तुमच्याच प्रश्नातल्या वजनाच्या आणि कॅल्शियमच्या वाक्यांत आहे. गोळी तीच राहिली, पण आईची गरज घटली आणि पोटातून रक्तात जाणारा भाग वाढला.

थायरॉइड जवळपास पूर्ण निकामी असेल तर साधारण दर किलोला १.६ मायक्रोग्रॅम लागतात. ६१ किलोला ते ९८ होतात, म्हणून तेव्हा १०० ची गोळी बरोबर बसली. ५२ किलोला तोच हिशोब ८३ वर येतो. साठीनंतर शरीर हे संप्रेरक सावकाश खर्च करतं, त्यामुळे प्रत्यक्ष गरज त्याहूनही थोडी कमी असते. कॅल्शियम पोटात या गोळीला चिकटून बसतं आणि तिचा काही भाग वायाच जातो, म्हणून दोन्हींत चार तासांचं अंतर ठेवायला सांगतात. आईनं कॅल्शियम रात्री न्यायला सुरुवात केली ते योग्यच केलं, पण त्या दिवसापासून पूर्वी वाया जाणारा भागही अंगी लागू लागला. असा बदल केला की सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच तपासायचं असतं. हे बहुतेक वेळा राहून जातं, कारण ‘गोळी तर बदलली नाही’ असं सगळ्यांना वाटतं.

आता एफटी-४, म्हणजे रक्तातलं मोकळं थायरॉइड संप्रेरक, नॉर्मल असूनही काळजी का. रिपोर्टवरची मर्यादा, समजा ०.८ ते १.८, ही शेकडो निरोगी माणसांवरून काढलेली असते. एकट्या माणसाचा आकडा मात्र आयुष्यभर त्यातल्या एका अरुंद पट्ट्यातच फिरतो. आईचा स्वतःचा आकडा १.१ च्या आसपास असेल तर १.६ हा तिच्यासाठी जास्तच आहे. कागदावर तो ठळक छापला जात नाही इतकंच. हे ओळखते ती मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी. टीएसएच हा तिनंच थायरॉइडला पाठवलेला संदेश; संप्रेरक जास्त झालं की ती तो कमी करते. एफटी-४ दुप्पट झालं तर टीएसएच जवळपास शंभर पटीनं खाली येतं, इतकी ती संवेदनशील आहे. म्हणून ०.०६ हा आकडा १.६ पेक्षा जास्त खरं बोलतो. ‘बरं वाटतंय’ हा पुरावा इथे चालत नाही. जास्त डोसमध्ये वजन उतरतं, अंगात हुशारी वाटते, त्यामुळे माणूस खूशच असतो. नऊ किलो कशामुळे गेले याचं दुसरं कारण सापडलं नसेल, तर थोडा हात या गोळीचाही असू शकतो; पण उतारवयात आपोआप घटलेल्या वजनाची वेगळी तपासणी व्हायलाच हवी, ती गोळीच्या नावावर सोडून देऊ नका.

हृदयाचं पाहू. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाच्या पेशी क्षणभर नवा संदेश घेत नाहीत, आणि त्या विश्रांतीमुळेच ठेका एकसारखा राहतो. थायरॉइड संप्रेरक जास्त झालं की हृदयाच्या वरच्या कप्प्यांत ही विश्रांती आखूड होते. त्यातच ॲड्रेनलिनला मिळणारा प्रतिसाद वाढतो, आणि फुफ्फुसाकडून येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी अवेळी ठिणग्या पडू लागतात. विश्रांती आखूड असल्यानं अशी एखादी ठिणगी विझत नाही, गोल गोल फिरत राहते. वरचे कप्पे मग आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरतात. यालाच एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साचून गुठळी होऊ शकते, आणि ती मेंदूत गेली की पक्षाघात. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम पाहणीत साठीपुढच्या २००७ लोकांवर दहा वर्षं लक्ष ठेवलं होतं. टीएसएच ०.१ किंवा त्याखाली असलेल्यांत २८ टक्क्यांना हा विकार झाला, नॉर्मल असलेल्यांत ११ टक्क्यांना. तुमच्या आईचा आकडा पहिल्या गटात बसतो. टीएसएच ०.३ वगैरे असतं तर मी इतक्या जोरानं लिहिलं नसतं. त्या पट्ट्यात धोका बराच कमी असतो.

हे घरी ओळखता येतं, पण पूर्ण खात्रीनं नाही. आई पाच मिनिटं शांत बसल्यावर अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर दोन बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजा. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणू नका, त्यात अनियमितपणा निसटतो. नुसती ९५-१०० ची नाडी म्हणजे वेग; ठोक्यांमधलं अंतर कुठल्याच ठेक्यात बसत नसेल तर त्याच दिवशी ईसीजी काढा. हा विकार सुरुवातीला येतो-जातो, त्यामुळे ईसीजी नॉर्मल आला आणि धडधडीची तक्रार राहिली तर डॉक्टर होल्टर, म्हणजे चोवीस तास ईसीजी टिपणारं यंत्र, लावतात.

हाडांचं नुकसान मात्र बोटाला लागत नाही. हाड सतत खणलं आणि भरलं जात असतं, महापालिकेच्या रस्त्यासारखं. एका जागी खणण्यापासून भरण्यापर्यंतची फेरी साधारण २०० दिवस चालते, त्यात खणायला काही आठवडे आणि भरायला काही महिने. संप्रेरक खूप जास्त झालं की ही फेरी जवळपास निम्म्या काळात उरकली जाते. खणणाऱ्या पेशींचं काम तेवढ्यात होतं, भरणाऱ्यांना मात्र वेळ पुरत नाही, आणि दर फेरीला थोडा खड्डा शिल्लक राहतो. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेनचा लगाम सुटलेला असतो, म्हणून त्याच डोसनं तिशीतल्या बाईचं जितकं बिघडतं त्याहून आईचं जास्त बिघडतं. १३ पाहण्यांतल्या सुमारे ७० हजार लोकांचे आकडे एकत्र करून २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात टीएसएच ०.१ खाली असलेल्यांत खुब्याचं हाड मोडण्याचा धोका नॉर्मलपेक्षा सुमारे ६० टक्के जास्त निघाला. यातले सगळे गोळीवाले नव्हते, पण संप्रेरक आपल्या ग्रंथीतून आलं की डबीतून, हाडाला त्याचा फरक पडत नाही.

डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, करताना एक गोष्ट आवर्जून सांगा: खुब्याबरोबर पुढच्या हातातल्या, म्हणजे कोपर ते मनगट यांमधल्या, हाडाचंही माप घ्या. जास्त संप्रेरकाचा मार हाडाच्या बाहेरच्या टणक थरावर अधिक बसतो, आणि तो थर पुढच्या हातात व खुब्यात जास्त असतो. साठीपुढे कंबरेच्या मणक्यांना झिजेनं टोकं फुटतात, ती मापात धरली जाऊन मणक्याचा आकडा खोटा चांगला दिसतो. ‘कंबर ठीक आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका.

कमी करण्याआधी आकडा खरा आहे का ते पाहा. केस-नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर काही यंत्रांवर टीएसएच खोटं खाली आणि एफटी-४ खोटं वर येतं. निदान दोन दिवस, डोस मोठा असेल तर आणखी जास्त, त्या बंद ठेवून पुन्हा तपासा. रक्त गोळी घेण्याआधी द्या. गोळीनंतर दोन-चार तास एफटी-४ तात्पुरतं चढतं. आणि आईची थायरॉइड कॅन्सरसाठी काढलेली असेल तर टीएसएच मुद्दाम खाली ठेवलेलं असू शकतं. तिथे हे सगळं उत्तर लागू नाही.

या गोळीचा अर्धा भाग शरीरातून जायला सुमारे सात दिवस लागतात, त्यामुळे रोजच्यापेक्षा आठवड्याचा हिशोब महत्त्वाचा. आत्ता आठवड्याला ७०० मायक्रोग्रॅम जातात. ८८ ची गोळी केली तर ६१६, ७५ ची केली तर ५२५. ८८ ची मिळत नसेल तर एक दिवस १०० आणि एक दिवस ७५ घेतली तरी सरासरी तीच पडते. कॅलेंडरवर खूण करत जा, म्हणजे घोळ होणार नाही. टीएसएच इतकं खाली आणि वय ६८, म्हणून डॉक्टर थेट ७५ वर आणतील तर तेही बरोबर आहे. ५० वर एकदम आणणं किंवा महिनाभर बंद ठेवून बघणं मात्र नको. आईची ग्रंथी काम करत नाही, दोन महिन्यांत टीएसएच वीस-तीसवर जाईल आणि मग घाबरून पुन्हा १०० ची सुरू होईल. हा झोपाळा मी नेहमी पाहतो.

पुढची तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी, टीएसएच आणि एफटी-४ दोन्ही. बराच काळ दबलेली पियुषिका सावकाश जागी होते, म्हणून एफटी-४ १.२ वर उतरलं तरी टीएसएच कधीकधी ०.२ वरच अडकलेलं दिसतं. तेव्हा लगेच आणखी कमी करायची घाई नको, पुढच्या तपासणीपर्यंत थांबायचं. या वयात टीएसएच २ ते ५ मध्ये आलं तरी चालतं, १ वर आणायची गरज नाही.

पहिले तीन-चार आठवडे आई म्हणेल, मला सुस्ती आली, जुनीच गोळी द्या. शरीर जादा वेगाला सरावलेलं असतं, त्याला उतरायला वेळ लागतो. आकडा न बघता या तक्रारीवर डोस वाढवू नका. हाडाची घनता पुढच्या वर्ष-दोन वर्षांत काही प्रमाणात भरून येते, पाळी गेलेल्या बाईत सहसा पूर्ण येत नाही. डेक्सामध्ये टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली निघाला तर हाडांचं औषध वेगळं सुरू करावं लागेल, नुसतं थायरॉइड दुरुस्त करून भागणार नाही. ठेका बिघडलेला सापडला तर डोस सुधारल्यावर तो काही आठवड्यांत आपोआप जागेवर येण्याची शक्यता बरीच असते. पण तोवर रक्त पातळ करणारी गोळी लागते का, हे हृदयरोगतज्ज्ञांना त्याच आठवड्यात विचारा. धडधडीबरोबर छातीत दुखलं, दम लागला, तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळलं, तर टीएसएचची वाट न पाहता थेट हॉस्पिटल.