‘फीटल पीसीए’ म्हणजे काय?

प्रश्न : सासऱ्यांच्या मेंदूच्या एमआर अँजिओच्या रिपोर्टात ‘फीटल ओरिजिन ऑफ राइट पीसीए, नॉर्मल व्हेरियंट’ असं लिहिलंय. फीटल म्हणजे गर्भाचं ना? ६८ वर्षांच्या माणसाच्या मेंदूत गर्भाचं काय उरलंय? याला मराठीत काय म्हणायचं, आणि काळजी करायची का? (सोलापूर)

उत्तर : शब्दाचा अर्थ तुम्ही बरोबर लावलाय. इथे ‘फीटल’ हे विशेषण मात्र वयाला किंवा आजाराला नाही, पीसीए या मेंदूच्या मागच्या भागाला रक्त देणाऱ्या वाहिनीच्या उगमाला लागलेलं आहे. गर्भात सगळ्यांचीच ती वाहिनी जिथून निघते, तिथूनच तुमच्या सासऱ्यांची आजही निघते. म्हणून मी ‘गर्भकालीन उगमाची पीसीए’ असं म्हणेन आणि ‘व्हेरियंट’ला ‘रचनाभेद’. ‘दोष’ किंवा ‘विकृती’ हे शब्द इथे चुकीचे ठरतील.

मेंदूला रक्त चार वाहिन्या पुरवतात. मानेच्या पुढच्या भागातून दोन आंतरिक कॅरॉटिड वर जातात आणि मणक्यांच्या बाजूच्या छिद्रांमधून दोन व्हर्टेब्रल. या दोन व्हर्टेब्रल मेंदूच्या देठापाशी एक होतात, तिला बॅसिलर म्हणतात. मेंदूच्या तळाशी, पिट्युटरी ग्रंथीच्या देठाला आणि दृष्टिचेता जिथे एकमेकींना छेदतात त्या जागेला वेढून, पुढची आणि मागची व्यवस्था एका कड्यात जोडली जाते. पुढच्या बाजूला दोन अँटिरियर सेरेब्रल असतात आणि त्यांना जोडणारी एक आखूड वाहिनी. मागे बॅसिलरला फाटे फुटून दोन पोस्टिरियर सेरेब्रल, म्हणजे पीसीए, निघतात. प्रत्येक बाजूला कॅरॉटिडपासून पीसीएपर्यंत जाणारी पोस्टिरियर कम्युनिकेटिंग ही बारीक जोडवाहिनी असते. मेंदूचा सर्वांत मोठा भाग पोसणारी मिडल सेरेब्रल याच कॅरॉटिडमधून बाहेर पडते, पण कड्याचा भाग धरली जात नाही.

या कड्याला थॉमस विलिस यांचं नाव आहे. त्यांचं मेंदूच्या रचनेवरचं लॅटिन पुस्तक १६६४ साली आलं, आणि त्यातली चित्रं काढण्यात क्रिस्तोफर रेन यांचा हात होता. कड्याचे तुकडे विलिस यांच्या आधीही काहींनी पाहिले होते. विलिस यांचं मोठेपण कड्याचं काम ओळखण्यात आहे. एका शवविच्छेदनात त्यांना एक कॅरॉटिड पार बुजलेली आढळली, तरी त्या माणसाला हयातीत पक्षाघात झालेला नव्हता. बाकीच्या वाहिन्यांनी कड्यातून रक्त वळवून त्या बाजूची गरज भागवली, हे त्यांनी मांडलं. सोलापूरकराला हे चटकन पटेल: शहराला उजनी, टाकळी आणि हिप्परगा अशा वेगवेगळ्या ठिकाणांहून पाणी येतं, आणि एकीकडचं कमी पडलं की दुसरीकडचं वळवता येईल का, ते मधली जोडलाइन किती इंची आहे यावर ठरतं.

मेंदूतल्या या जोडलाइनीच माणसागणिक बदलतात. पाठ्यपुस्तकात काढतात तसं सगळ्या बाजूंनी सारख्या जाडीचं, पूर्ण कडं निम्म्याहून कमी माणसांत सापडतं. पोस्टिरियर कम्युनिकेटिंग धाग्यासारखी बारीक असणं हा नेहमीचा प्रकार. पुढच्या अँटिरियर सेरेब्रलपैकी एकीचा पहिला तुकडा बारीक असून दोन्ही बाजूंचा पुरवठा दुसरीकडून होणं, हाही ओळखीचा. तुमच्या रिपोर्टातला तिसरा, आणि मला सर्वांत मोलाचा वाटणारा. व्याख्या कडक लावली की सैल, यावर आकडा हलतो, पण साधारण शंभरात दहा ते तीस माणसांत तो एका तरी बाजूला दिसतो.

तो घडतो असा. गर्भाच्या सुरुवातीच्या आठवड्यांत मेंदूच्या मागच्या भागाला रक्त कॅरॉटिडकडूनच येतं, आजच्या पोस्टिरियर कम्युनिकेटिंगच्या वाटेनं. पुढे व्हर्टेब्रल आणि बॅसिलर मोठ्या होतात. बॅसिलरपासून निघणारा पीसीएचा पहिला तुकडा, ज्याला डॉक्टर पी-वन म्हणतात, रुंद होतो आणि जुनी वाट बारीक होत जाते. काहींमध्ये हा बदल अर्धवट राहतो. पी-वन बारीक, जुनी वाट जाड: हा अंशतः प्रकार. पी-वन मुळीच नसला, तर पूर्ण प्रकार. यानं डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही. म्हणून ‘नॉर्मल’ हा शब्द खरा आहे.

तरीही ती ओळ विसरू नका. समजा, उद्या सासरे म्हणाले, “डाव्या डोळ्यानं दिसत नाही, डावीकडून येणारी रिक्षा अंगावर येईपर्यंत कळत नाही.” आधी त्यांचा एक डोळा झाकून पाहा, मग दुसरा. दोन्ही वेळा डावीकडचाच अर्धा भाग गायब असेल, तर खोट डोळ्यात नसून मेंदूच्या उजव्या मागच्या भागात आहे. (या तपासणीत वेळ घालवू नका, अचानक झालं असेल तर लगेच रुग्णालय गाठायचं.) त्या भागाला रक्त उजवी पीसीए देते. एरवी अशा वेळी गुठळी हृदयातून किंवा व्हर्टेब्रल-बॅसिलरच्या बाजूनं आली असेल, असा अंदाज आधी बांधला जातो. मानेतल्या उजव्या कॅरॉटिडमध्ये चरबीचा थर दिसला, तरी त्याचा या झटक्याशी संबंध नाही असं वाटू शकतं. पण ज्याची उजवी पीसीए गर्भकालीन उगमाची आहे, त्याच्या त्या कॅरॉटिडमधून सुटलेली गुठळी जोडवाहिनीच्या जाड वाटेनं थेट मागे जाऊ शकते. मग तोच थर गुन्हेगार ठरू शकतो आणि उपचाराचा निर्णय बदलतो.

दुसरा धोकाही त्याच रचनेतून येतो. पूर्ण प्रकारात मिडल सेरेब्रल आणि पीसीए दोन्ही एकाच कॅरॉटिडवर अवलंबून असतात. ती कॅरॉटिड बंद पडली, तर त्या बाजूला मागून मदत पोहोचवणारी नेहमीची वाट उरत नाही. मानेतल्या कॅरॉटिडवर शस्त्रक्रिया करताना ती थोडा वेळ चिमट्यानं बंद करावी लागते, म्हणून सर्जनला कड्याची रचना आधी माहीत असणं कामाचं असतं.

रिपोर्ट वाचताना एक मर्यादाही लक्षात घ्या. इंजेक्शन न देता केलेल्या एमआर अँजिओत वाहिनीची भिंत दिसत नाही, वाहतं रक्त दिसतं. वाहिनी फार बारीक असली किंवा प्रवाह मंद असला, तर ती चित्रातून गळते. त्यामुळे ‘पी-वन दिसत नाही’ याचा अर्थ ‘पी-वन नाही’ असा लगेच काढता येत नाही. प्रकार अंशतः आहे की पूर्ण, हे रिपोर्ट देणाऱ्या रेडिऑलॉजिस्टना विचारा. पुढे कधी नेमकं ठरवायची गरज पडलीच, तर डाय देऊन केलेल्या सीटी अँजिओत ते जास्त स्पष्ट कळतं. आज केवळ या ओळीसाठी नवी तपासणी करायचं कारण नाही. रिपोर्ट आणि सीडी मात्र जपून ठेवा, आणि सासऱ्यांच्या मानेच्या वाहिन्यांचा कधी डॉपलर झाला, तर तो पाहणाऱ्या डॉक्टरांना ‘उजवी पीसीए कॅरॉटिडवरून आहे’ एवढं आवर्जून सांगा.