लिव्हरची ‘नस’ म्हणजे नेमकी कोणती?

प्रश्न : मामाजींच्या लिव्हरच्या उजव्या भागात गाठ आहे. ऑपरेशनच्या आधी ‘लिव्हरची नस बंद करू, मंग महिनाभर थांबू’ असं नागपूरले सांगतलं. नस बंद केली तं लिव्हर मरन नाही का? ‘नस’ म्हणजे नेमकी कोणती?

उत्तर : मरत नाही, कारण ‘नस’ या एका शब्दात आपण तीन वेगळ्या नळ्या कोंबतो. शुद्ध रक्त आणते ती यकृत धमनी. आतडी आणि प्लीहेकडून अन्नरस घेऊन येते ती पोर्टल शीर. लिव्हरमधून रक्त बाहेर, हृदयाकडे नेतात त्या यकृत शिरा. पोर्टल म्हणजे दारातली. बोकडाची कलेजी उलटी करून पाहा, खालच्या बाजूला खाच दिसते. तेच हे दार. धमनी आणि पोर्टल शीर तिथूनच आत शिरतात. म्हणून मी तिला ‘द्वारशीर’ म्हणेन. नुसतं ‘नस’ लिहिलं की घरचे घाबरतात.

लिव्हरला मिळणाऱ्या रक्तापैकी साधारण पाऊण हिस्सा द्वारशिरेचा, पाव हिस्सा धमनीचा. पण धमनीचं रक्त शुद्ध असल्यामुळे प्राणवायू दोघी जवळपास निम्मा-निम्मा पुरवतात. म्हणून उजवी द्वारशीर बंद केली तरी उजवा भाग धमनीवर जगतो, फक्त आकसत जातो. अडलेलं रक्त डाव्या भागाकडे वळतं आणि तो वाढू लागतो. महिनाभर थांबतात ते या वाढीसाठी. एकाच भागाची धमनी आणि द्वारशीर दोन्ही बंद झाल्या, तर मात्र तो भाग मरतो.

ऑपरेशनसाठी डॉक्टर लिव्हरचे जे छोटे भाग मोजतात, त्या ‘सेगमेंट’ला ‘खंड’ म्हणावं. भंडारा-गोंदियाकडच्या धानाच्या बांध्या डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक बांधीत पाणी यायची वाट वेगळी, तशा प्रत्येक खंडात धमनी आणि द्वारशिरेच्या स्वतंत्र फांद्या जातात. मोठ्या यकृत शिरा मात्र खंडांच्या मधून, जणू धुऱ्याधुऱ्याने जातात. असे खंड 8; ही मांडणी क्विनो या फ्रेंच शरीररचनातज्ज्ञाची, 1957 ची. म्हणूनच एक खंड काढून शेजारचा जिवंत ठेवता येतो. धुऱ्यावरची शीर कापली गेली, तर शेजारच्या खंडातलं रक्त तुंबतं आणि तोही कामातून जातो.

आता आकडे मांडून पाहू. समजा, गाठ वगळून लिव्हर 1400 मिली आहे. उजवे 5 ते 8 खंड काढायचे आणि उरणार 350 मिली, म्हणजे 25 टक्के. निरोगी लिव्हरला साधारण 20 टक्के उरलं तरी निभतं. पण बरीच केमो झालेली असेल तर 30 लागतात, सिरोसिस असेल तर 40. केमो झालेल्या माणसाला हे 350 कमी पडतात, 420 तरी हवेत. म्हणून सुईने, सोनोग्राफीत पाहत, उजवी द्वारशीर आतून बुजवतात आणि चार ते सहा आठवड्यांनी सीटी स्कॅन करून डावा भाग पुन्हा मोजतात. तो 450 भरला तर 32 टक्के झाले, ऑपरेशन करता येतं. वाढलाच नाही, तर लिव्हरमध्ये दम कमी आहे हे कापण्याआधीच कळतं. तसंच कापलं असतं, तर कावीळ चढणं, पोटात पाणी भरणं, माणूस भ्रमिष्टासारखा वागणं, हे ऑपरेशननंतर दिसलं असतं.

डॉक्टरांना एवढंच विचारा : ‘कोणत्या बाजूची पोर्टल शीर, आणि उरणारा भाग आज किती टक्के?’