ट्रॅव्हल कार्डावर उरलेले युरो: परत करावेत की ठेवावेत?

«मुलीकडे जर्मनीला जाऊन तीन महिन्यांपूर्वी परतलो. फॉरेक्स कार्डावर 740 युरो शिल्लक आहेत. कार्डात पैसे भरताना दर 94.60 रुपये होता. आता परत करायला गेलो तर बँक 91.85 रुपये सांगते. बाजारात युरो 93.40 आहे, म्हणजे उतरलेला नाही. मग हा दर कुठून आला? पुढच्या वर्षी पुन्हा जाण्याचा विचार आहे, पण ठरलेले नाही. पैसे काढावेत का?» – एक निवृत्त वाचक, नाशिक

पैसे भरताना बँकेने आपल्याला युरो विकले होते. आता ती आपल्याकडून ते विकत घेत आहे. विक्रीचा दर बाजारापेक्षा वर आणि खरेदीचा दर बाजारापेक्षा खाली असतो, आणि मधल्या अंतरात बँकेचा नफा असतो. परताव्याला भरण्याच्या दिवसाचा दर लागत नाही, बँक व्यवहार प्रत्यक्ष करते त्या दिवसाचा लागतो, त्यामुळे 94.60 शी तुलना करून हाती काहीच लागणार नाही. तुलना 93.40 शी करावी. फरक 1.55 रुपयांचा, म्हणजे सुमारे 1.7 टक्के आणि 740 युरोंवर 1,147 रुपये होतो. माझ्या मते हा दर उदार नाही, पण गैरही नाही.

मात्र 91.85 हा कोणत्या रकान्यातला दर आहे, हे अवश्य विचारावे. बँका रोज परकीय चलनाचा तक्ता काढतात आणि त्यालाच ‘कार्ड रेट’ म्हणतात. या शब्दाचा आपल्या कार्डाशी संबंध नसल्याने काउंटरवर बराच गोंधळ होतो. त्या तक्त्यात परदेशातून आलेल्या रकमेचा, रोख नोटांचा आणि अनेक बँकांत ट्रॅव्हल कार्डाचा खरेदी दर वेगवेगळा असतो. नोटांचा दर सहसा सर्वांत कमी असतो, कारण नोटा सांभाळण्याचा व पाठवण्याचा खर्च त्यात धरलेला असतो. कार्डावरील शिलकीला तोच लावला असेल, तर हरकत घेण्यास आधार आहे.

आता निर्णयाकडे येऊ. 740 युरोंचे 91.85 प्रमाणे 67,969 रुपये होतात. चलनविनिमयावरचा जीएसटी पूर्ण रकमेवर लागत नाही. एका मान्य पद्धतीनुसार एक लाखापर्यंतच्या रकमेचा एक टक्का करपात्र धरून त्यावर 18 टक्के घेतला जातो, म्हणजे येथे सुमारे 122 रुपये. बँकेचे शुल्क 250 रुपये आणि त्यावरील कर 45 रुपये धरला, तर हाती सुमारे 67,550 येतील. पुढच्या वर्षी बाजारभाव हाच राहून 94.90 च्या आसपास पुन्हा युरो घ्यावे लागले, तर तेवढ्याच युरोंना सुमारे 70,225 रुपये लागतील. विकून पुन्हा घेण्याचा खर्च असा सुमारे 2,675 रुपये पडतो. उलट ही रक्कम साडेसहा टक्क्यांच्या ठेवीत महिन्याला साधारण 365 रुपये मिळवेल, म्हणजे सात-आठ महिन्यांत तो खर्च भरून निघतो. कार्डावरच्या शिलकीला व्याज नसते, आणि कार्ड न वापरल्यास काही बँका शुल्कही कापतात.

शिवाय परतल्यापासून 180 दिवसांत न वापरलेले परकीय चलन अधिकृत बँकेला परत विकावे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. 2,000 डॉलरपर्यंतच्या नोटा व प्रवासी धनादेश जवळ ठेवण्याची मुभा आहे. कार्डावरील शिलकीला आपली बँक ती लागू करते का, हे तिच्याकडून लेखी घ्यावे. आपल्याजवळ तीन महिने उरले आहेत. त्या अवधीत तिकीट काढलेला प्रवास असता, तर मी युरो ठेवा म्हटले असते. तसे नसल्याने मी परतावा घेण्याच्या बाजूचा आहे. युरो वाढेल या आशेने थांबणे ही सट्ट्याची खेळी आहे, आणि निवृत्तीच्या पैशाने ती खेळू नये.

अर्ज करण्याआधी कार्डाचे विवरण पाहून हॉटेल किंवा भाड्याच्या गाडीची अनामत रोखलेली नाही ना, हे तपासावे. दुकानदाराकडून अंतिम न झालेली रक्कम बँक राखून ठेवू शकते, आणि अजून वाटेत असलेल्या, नोंद न झालेल्या व्यवहारांसाठी 100 डॉलरपर्यंतची लहान शिल्लकही काही काळ मागे ठेवू शकते. परतावा कमी आला की अनेकजण दराला दोष देतात, पण कारण बरेचदा हेच असते.

अर्जात एवढे लिहावे: «माझ्या कार्डावरील 740 युरो परत घेऊन रक्कम माझ्या बचत खात्यात जमा करावी. लावलेला दर कोणत्या प्रकारचा, कोणत्या तारखेचा व वेळेचा आहे, राखून ठेवलेली रक्कम, शुल्क आणि जीएसटी यांचा स्वतंत्र तपशील, तसेच चलन परत केल्याचे प्रमाणपत्र द्यावे.» पोच घ्यावी. जमा झालेल्या रकमेत शुल्क आणि कर मिळवावा, 740 मधून राखून ठेवलेले युरो वजा करावेत, आणि उरलेल्या युरोंनी त्या बेरजेला भागले की खरा दर समोर येतो. तो त्या दिवशीच्या तक्त्यातील कार्डाच्या खरेदी दराशी जुळला नाही, तर तक्ता जोडून शाखेकडे लेखी तक्रार करावी, आणि 30 दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर नोंदवावी.