पीक बुडालं तर तोटा कुणाचा?

‘मॅडम, मध्ययुगीनला आले की प्राचीन पुसलं जातं. आधुनिक संपेपर्यंत दोन्ही गेलेलं असतं. उजळणी करू तरी कशी?’

राज्यसेवेसाठी इतिहासाची तयारी करणारी ही मुलगी चार वेळा भेटली. पहिल्या भेटीत मी तिला तिन्ही वह्या मिटायला लावल्या आणि विचारलं, ‘शेतसारा कोण, कशावर घ्यायचं?’ उत्तरं तुटक आली: सहावा हिस्सा, तोडरमल, रयतवारी. नावं होती, त्यांना बांधणारा धागा नव्हता. माझा जुना विश्वास आहे की स्मरण प्रश्नाला चिकटतं, पानाला नाही. म्हणून तिला एकच प्रश्न दिला: पीक बुडालं तर तोटा कुणाचा?

पुढच्या भेटीत ती लुंबिनीपासून सुरू झाली. अशोकाने राज्याभिषेकाच्या विसाव्या वर्षी त्या गावाचा ‘बली’ हा कर माफ केला आणि ‘भाग’, म्हणजे पिकातला राजाचा वाटा, आठव्या हिश्श्यावर आणला. ‘हिस्सा पिकाचा असेल, तर पीक कमी आलं की राजाचाही वाटा कमी,’ ती म्हणाली. मग अकबराची १५८० ची दहसाला पद्धत: दहा वर्षांच्या उत्पन्नाची आणि भावांची सरासरी, त्याचा साधारण एक तृतीयांश, तोही रोख. पीक बुडालेलं क्षेत्र मात्र वजा होई. शेवटी इंदापूर, १८३६: गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी जमिनीचा कस पाहून तीस वर्षांसाठी आकार ठरवला.

इथे ती थांबली. ‘म्हणजे आता पिकाकडे कुणी बघतच नाही. पाऊस नसला तरी रोख भरायचे. मग सावकार… मॅडम, १८७५ चं सुपे इथूनच येतं का?’ सुप्यात पेटलेले, सावकारांविरुद्धचे दख्खनचे दंगे तिने वेगळ्या प्रकरणात पाठ केले होते. मी मान हलवली आणि गप्प राहिले. तो क्षण तिचा होता. (कापसाची तेजी ओसरणं आणि साऱ्याची फेरआकारणी ही कारणं नंतर जोडली.)

मग तिने प्रश्न काढायचे, मी तपासायचे. ‘दहसाला कोणी आणली?’ हा मी खोडला, कारण त्याला एकच काळ पुरतो. तिसऱ्या प्रयत्नात आलं: ‘भागापासून रोख साऱ्यापर्यंत पीक बुडण्याचा धोका राज्याकडून शेतकऱ्याकडे सरकत गेला. चर्चा करा.’ प्रश्न उत्तम होता, पण रेषा फार सरळ होती. अल्लाउद्दीन खलजी अकबराच्या कितीतरी आधी जमीन मोजून निम्मं उत्पन्न घेत होता. तो या रेषेत बसत नाही, म्हणून उत्तरात त्याला जागा द्यायला सांगितलं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातला सहावा हिस्सा हा ग्रंथातला नियम आहे, लुंबिनीचा लेख हा प्रत्यक्ष आदेश. दोन्ही एका वजनाने लिहू नकोस, हेही बजावलं.

ज्यांचं पहिलं वाचन झालेलं नाही, त्यांना मी असा विषय देत नाही. त्यांचे सालांचे क्रम उलटसुलट होतात. हिने प्रत्येक प्रश्नाखाली तीन सालं लिहायची सवय लावली. चौथ्या भेटीत तिने स्वतःहून पुढचा प्रश्न आणला: ‘मॅडम, सारा गोळा कोण करायचं, यावर काढू?’