फोटोखाली चुकीचं नाव छापून आलंय, संपादकांना मेल कसा लिहायचा?

प्रश्न: «परवाच्या ठाणे पुरवणीत आमच्या महिला मंडळाचा फोटो आलाय. आईच्या चेहऱ्याला दुसऱ्याच बाईंचं नाव लागलंय आणि आईचं नाव शेजारच्या अनोळखी बाईंना. वार्ताहर फोन उचलत नाहीये. संपादकांना मेल करायचा आहे, काय लिहू? कोणाला अनुभव आहे का?»

उत्तर:

तुमची पोस्ट वाचली आणि 2016 सालचा तो रविवार डोळ्यांसमोर आला. मी वकील नाही, पत्रकारही नाही. एकदा हे सगळं सोसलंय आणि त्यात एक मोठी चूक केलीय, एवढ्याच अधिकारावर लिहितोय.

आमची सोसायटी नौपाड्यात, 28 घरांची. पुनर्विकासाची बोलणी चालली होती आणि माझे वडील सचिव होते. एका हॉलमधल्या बैठकीचा फोटो स्थानिक पुरवणीत आला. फोटोत सहा माणसं होती आणि खाली «डावीकडून» म्हणून पाच नावं. दुसऱ्या नंबरवर विकसकाकडून आलेले एक सल्लागार होते, ते विकसकाच्या हातून पुष्पगुच्छ घेत होते. त्यांचं नाव कोणाला माहीत नव्हतं म्हणून ते सुटलं. तिसऱ्या नंबरवर माझे वडील. त्यामुळे वडिलांचं नाव एक जागा सरकून पुष्पगुच्छ घेणाऱ्या माणसाला लागलं. इमारतीत राहणाऱ्यांना काही फरक पडला नाही, ते चेहऱ्याने ओळखतात. पण नऊ सभासद बाहेर राहणारे होते, घरं भाड्याने दिलेले. त्यांनी फक्त नाव वाचलं: सचिव विकसकाकडून गुच्छ स्वीकारताना.

तुमच्याकडेही हेच झालं असावं असं मला वाटतं. आत्ता अंक उघडा आणि आधी डोकी मोजा, मग नावं मोजा. नावं एकाने कमी असतील आणि शेवटच्या बाईंना नावच उरलं नसेल, तर मधलं एक नाव सुटलंय, आणि सुटलेल्या जागेपासून पुढची सगळी नावं एकेक घर डावीकडे सरकलीत. आईचं नाव त्यांच्या उजव्या हाताच्या, म्हणजे फोटोत डावीकडे दिसणाऱ्या बाईंना लागलं असेल तर ही खूण पक्की. उलट, न आलेल्या पाहुण्यांचं नाव यादीत राहून गेलं असेल तर नाव उजवीकडच्या बाईंवर जातं. आणि डोकी व नावं सारखीच भरली, फक्त दोघींची अदलाबदल असेल, तर ती वेगळी चूक. हे का सांगतोय, तर पहिल्या दोन प्रकारांत फक्त «आईचं नाव चुकलंय» असं कळवलं तर ते फक्त आईचं नाव दुरुस्त करतील आणि बाकीच्या चौघी तशाच चुकीच्या राहतील. मागायचा आहे तो पूर्ण क्रम.

आता माझी चूक. तीन दिवस मी वार्ताहराला फोन करत राहिलो, तो «हो सर, डेस्कला सांगतो» म्हणत राहिला. बुधवारी रात्री साडेअकराला मी संपादकांना मेल लिहिला. जवळजवळ दोन पानं. पहिलंच वाक्य होतं: «आपल्या वृत्तपत्राने हेतुपुरस्सर माझ्या वडिलांची बदनामी केली आहे.» पुढे विकसकाने पैसे दिले असतील ही शंका, मग अब्रुनुकसानीचा इशारा. अंक कुठला, पान कुठलं, कोण कुठे उभं आहे, हे कुठेच नव्हतं. शेवटी «योग्य ती दुरुस्ती छापावी» एवढंच.

काय झालं ते मला खूप नंतर कळलं. बातमीदारीत असलेल्या एका नातलगाने सांगितलं की कोर्टाचं नाव आलं की असा मेल डेस्कवर थांबत नाही, कायदा विभागाकडे जातो. तिथे गेला की डेस्कला हात लावायची परवानगी राहत नाही, कारण दुरुस्ती छापली म्हणजे चूक कबूल केली, असं कोणीतरी म्हणतं. म्हणजे जे काम एक उपसंपादक पाच मिनिटांत करू शकला असता, ते मी स्वतःच्या हाताने त्याच्याकडून काढून घेतलं. त्यानंतर ठाण्याच्या कार्यालयात तीन वेळा गेलो. तिथले म्हणायचे, «पुरवणी मुंबईचं डेस्क लावतं, तिकडे लिहा.» मुंबईच्या डेस्कचं उत्तर, «ठाणे कार्यालयाकडून अहवाल आल्याशिवाय काही करता येणार नाही.» तिसऱ्या खेपेला वडील सोबत होते. जिना चढून गेले आणि बाकड्यावर पाऊण तास बसले. त्यांना बसलेलं पाहून मला जे वाटलं ते आजही कमी झालेलं नाही. चूक कोणाकडूनही होते, पण ती कुणाच्या पदरात घालायची यावरून दोन कार्यालयांनी सत्तर वर्षांच्या माणसाला खेळवू नये.

तिसऱ्या महिन्यात दुरुस्ती छापून आली: «ठाणे पुरवणीत प्रसिद्ध झालेल्या एका छायाचित्राच्या ओळीत नावांचा क्रम चुकला होता. दिलगीर आहोत.» कोणतं छायाचित्र, कोणाचं नाव, काहीच नाही. बाहेरगावच्या त्या नऊ सभासदांपैकी एकालाही यातून काही कळलं नसतं. तोवर वडिलांनी सचिवपद सोडलं होतं.

म्हणून माझं ठाम मत: दुरुस्तीचा मजकूर तुम्हीच लिहून द्या, जसाच्या तसा उचलून छापता येईल असा. हेतूबद्दल एक अक्षर नको, कोर्टाचं नावही पहिल्या मेलमध्ये नको. राग खरा असतो, पण तो वेगळ्या कागदावर उतरवून ठेवा. मी आज लिहिला असता तर असा:

> विषय: दुरुस्तीची विनंती: ठाणे पुरवणी, (तारीख), पान 3, छायाचित्राखालील नावे
>
> मा. संपादक,
>
> वरील अंकात पान 3 वर आमच्या महिला मंडळाच्या कार्यक्रमाचे छायाचित्र प्रसिद्ध झाले आहे. छायाचित्रात सहा महिला आहेत आणि ओळीत पाच नावे आहेत. डावीकडून दुसऱ्या महिलेचे नाव सुटल्याने पुढील नावे चुकीच्या व्यक्तींना लागली आहेत. डावीकडून तिसरी महिला माझी आई आहे.
>
> कृपया पुढील दुरुस्ती त्याच पुरवणीत प्रसिद्ध करावी:
>
> «(तारीख) रोजी पान 3 वर प्रसिद्ध झालेल्या (मंडळाचे नाव) छायाचित्रातील व्यक्तींचा योग्य क्रम डावीकडून असा: (सहाही नावे). चुकीबद्दल दिलगीर आहोत.»
>
> ई-पेपर व संकेतस्थळावरील ओळही बदलावी. आकडे घातलेले कात्रण आणि मंडळाच्या अध्यक्षांचे नावे खरी असल्याचे पत्र सोबत आहे.
>
> नाव, मोबाइल, पत्ता

या मजकुरात चुकीची जोडी पुन्हा आलेली नाही, हे लक्षात घ्या. «अमुकऐवजी चुकून तमुक छापले गेले» असं लिहिलं की नको ती नावं दुसऱ्यांदा शेजारीशेजारी छापली जातात. खरा क्रम दिला की पुरे.

कात्रणावर आकडे घालणं मी जरूर करेन. अंकाचा फोटो काढा, पेनने प्रत्येकीच्या डोक्यावर 1 ते 6 लिहा आणि पुन्हा फोटो काढून जोडा. ज्याला तुमच्यापैकी कोणीच ओळखीचं नाही त्या उपसंपादकाला याने सगळं एका नजरेत कळतं. अध्यक्षांचं दोन ओळींचं पत्र यासाठी की फक्त घरच्यांच्या शब्दावर नाव बदलायला डेस्क कचरतं, आणि ते बरोबरच आहे, उद्या कोणीही कोणाचंही नाव बदलून मागेल. सुटलेल्या बाईंच्या नावाचं स्पेलिंग, म्हणजे ऱ्हस्व-दीर्घसुद्धा, त्यांनाच विचारून घ्या. दुरुस्तीत पुन्हा चूक झाली तर तिची दुरुस्ती मागायला गेलेल्या माणसाकडे कोणी नीट बघत नाही.

पाठवायचा कुठे? वार्ताहराला फक्त प्रत. अंकाच्या एका पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत मुद्रक, प्रकाशक आणि संपादकांची नावं व पत्ता असतो, तो पाहून संपादकांना लिहा. संकेतस्थळावर तक्रार निवारण अधिकाऱ्याचा मेल दिलेला असेल तर त्यांनाही प्रत टाका, कारण छापील अंक आणि वेबसाइट बहुतेक ठिकाणी वेगळी माणसं बघतात. एकीकडची चूक सुधारली तरी दुसरीकडे तशीच राहते. मेल सकाळी जाऊ द्या. संध्याकाळी पानं लावायची घाई असते, तेव्हा असले मेल खाली जातात.

चार-पाच दिवसांत काही हाललं नाही तर तोच मेल, तोच मजकूर, वर फक्त «स्मरणपत्र» लिहून पाठवा. शिवाय तोच मजकूर कागदावर छापून संपादकांच्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने टाका आणि पावती जपून ठेवा.

आणि एक तारीख आजच भिंतीवर लिहा. भारतीय प्रेस कौन्सिलकडे दैनिकाविरुद्ध तक्रार करायची मुदत प्रसिद्धीपासून दोन महिने आहे. तिथे जाण्याआधी संपादकांना लिहिलेलं असावं लागतं, त्या पत्राची प्रत जोडावी लागते, मजकूर मराठीत असल्याने इंग्रजी भाषांतरही लागतं. हा विषय कोर्टात प्रलंबित नाही असंही लिहून द्यावं लागतं, म्हणून वकिलाकडे आधी धावू नका, असं माझं मत (ज्यांचं नाव गुन्ह्याच्या बातमीत लागलंय त्यांनी मात्र वकिलाला पहिल्या दिवशीच विचारावं, तो प्रकार वेगळा). कौन्सिल दंड किंवा भरपाई देत नाही, समज किंवा ताकीद देऊ शकतं. विलंब माफ करायची तरतूद आहे, पण तिच्यावर विसंबू नका. मी जिने चढण्यात ते दोन महिने घालवले आणि मुदत संपल्याचं मला तिसऱ्या महिन्यात समजलं.

जाता जाता: आज स्टेशनवरून किंवा पेपरवाल्याकडून त्या अंकाच्या दोन प्रती घेऊन ठेवा. आठवडाभराने मिळणं कठीण. ई-पेपरचं पान पुढे बदललं गेलं तर काय छापलं होतं ते दाखवायला तुमच्या हातात तेवढंच उरतं. ठाणे आणि नवी मुंबईची पानं वेगवेगळी निघत असतील तर दोन्हीकडे फोटो आलाय का तेही बघा. वाशीच्या नातेवाइकांना विचारलंत तर लगेच कळेल, आणि दोन्हीकडे आला असेल तर विषयाच्या ओळीत दोन्ही आवृत्त्यांची नावं घाला.