व्याजाचा तक्ता पहिल्या वर्षावर थांबवू नका
दहावीला व्याज शिकवताना सूत्राआधी परतफेडीचा तक्ता मांडा. कपाशीच्या पेरणीसाठी द.सा.द.शे. १० दराने २०,००० रुपये कर्ज घेतले आणि तीन वर्षे काहीच फेडले नाही, असे धरा.

| वर्ष | सरळव्याज | चक्रवाढव्याज |
|---|---|---|
| १ | २,००० | २,००० |
| २ | २,००० | २,२०० |
| ३ | २,००० | २,४२० |

पहिल्या वर्षी फरक दिसत नाही. दुसऱ्या वर्षाचे जादा २०० रुपये हे थकलेल्या २,००० रुपयांवरचे व्याज आहे, हे मुलांकडूनच काढून घ्या.

चाचणीला दोनच प्रश्न पुरेत: तीन वर्षांचा एकूण फरक किती (६२० रुपये), आणि दरवर्षी कापूस विकून त्या वर्षाचे व्याज चुकते केले तर किती? दुसऱ्याचे उत्तर शून्य आहे, आणि ‘चक्रवाढ नेहमी जास्त’ असे पाठ केलेली मुले नेमकी इथेच अडतात. त्यांना प्रत्येक वर्षारंभीची थकबाकी वेगळ्या रकान्यात लिहायला लावा.